इन्फॉर्मेशन्स, अॅडव्हाइसेस, फर्निचर्स : 'एस' काढला तरी वाक्य चुकतंच, ते का?

'इन्फॉर्मेशन्स' म्हणायचं नाही, 'फर्निचर्स' म्हणायचं नाही, हे आता बऱ्याच जणांना पाठ झालंय. कुणीतरी कधीतरी टोकलेलं असतं, मग आपण शेवटचा एस खोडतो आणि झालं म्हणतो. पण तेवढ्यानं भागत नाही बघा. एस गेला तरी त्याच्या मागं-पुढं 'मेनी', 'दीज', 'आर', 'देम' तसेच बसलेले असतात, आणि समोरच्याला चूक तिथंच दिसते. म्हणून हा लेख एस काढल्यानंतर काय करायचं यावर आहे. इंग्लिशमधे मेल, अर्ज, कोटेशन असलं काही नव्यानं लिहायला लागलेल्यांसाठी.

आधी मुळात हे शब्द असे का आहेत ते थोडक्यात. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतनं आपण किराणा आणतो. साखर, तूरडाळ, चहापूड, साबण, दहा वस्तू असल्या तरी तो 'किराणा'च, कुणी 'दहा किराणे आणले' म्हणत नाही. इंग्लिशमधे 'फर्निचर' तसाच शब्द आहे, तो खुर्ची-टेबल-कपाट या सगळ्या जातीचं एकत्र नाव आहे, एका वस्तूचं नाही. मोजायची ती खुर्ची. 'इक्विपमेंट', 'मशिनरी', 'लगेज', 'ज्वेलरी' हे सगळे याच पठडीतले. 'इन्फॉर्मेशन' आणि 'अॅडव्हाइस' हातात धरता येत नाहीत, पण इंग्लिश त्यांनाही तसंच वागवते. यात फार लॉजिक शोधायला जाऊ नका, कारण फ्रेंचमधे 'इन्फॉर्मेशन'चं अनेकवचन बिनधास्त होतं. ही फक्त इंग्लिशची सवय आहे.

पहिलं काम : मराठी कुठं मदत करते आणि कुठं फसवते ते बघा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इंग्लिश ग्रामरच्या पुस्तकात नुसती पन्नास शब्दांची यादी देतात आणि पाठ करा म्हणतात. मराठी माणसाला अख्खी यादी पाठ करायची गरजच नाही.

माहिती, सामान, फर्निचर, पैसा, ट्रॅफिक, संशोधन. हे शब्द आपण मराठीतपण एकवचनीच वापरतो. 'ही सगळी माहिती वाच आणि तिची झेरॉक्स काढ', कुणी 'ह्या माहित्या' म्हणत नाही. 'घरात नवीन फर्निचर केलं', 'फर्निचरं केली' नाही. 'सामान उतरवून घे', चार बॅगा असल्या तरी 'सामान'. म्हणजे या शब्दांना आपल्या मराठीचंच ऐकलं तर इंग्लिश आपोआप बरोबर येतंय. तरी आपण 'इन्फॉर्मेशन्स' लिहितो कारण शाळेत डोक्यात बसलंय की जास्त असलं की एस लावायचा, आणि तो नियम आपण मराठीच्या वरचढ करून टाकतो. (फक्त 'पैसे'वाल्यांनी जपायचं. 'पैसे कुठं आहेत'चं 'व्हेअर इज द मनी' होतं, 'आर' नाही.)

दुसरा ढीग अवघड आहे. सल्ला-सल्ले, उपकरण-उपकरणं, पुरावा-पुरावे, बातमी-बातम्या, दागिना-दागिने, काम-कामं. इथं मराठीत रीतसर अनेकवचन होतं आणि इंग्लिशमधे होत नाही, म्हणून इथं घसरायला होतं. 'त्यानं मला दोन चांगले सल्ले दिले' हे डोक्यात मराठीत तयार होतं आणि हातातनं 'टू गुड अॅडव्हाइसेस' बाहेर पडतं. गुजरीतनं साज आणि ठुशी घेतली की 'मेनी ज्वेलरीज'. वकिलाकडं जायचं तर 'ऑल द एव्हिडन्सेस'. पाठ करायची असेल तर ही दुसरी यादी करा, पहिली सोडून द्या.

केसांचं तर वेगळंच आहे. 'त्याचे केस काळे आहेत' म्हणून 'हिज हेअर्स आर ब्लॅक' लिहिलं जातं, पण डोक्यावरच्या केसांना इंग्लिशमधे एकच समजतात, 'हिज हेअर इज ब्लॅक'. आणि आमटीत केस सापडला तर मात्र तो मोजायचा, 'देअर इज अ हेअर इन माय डाळ', दोन सापडले तर 'टू हेअर्स' एकदम बरोबर, हॉटेल बदला एवढंच.

दुसरं काम : शंका आली की डिक्शनरीत कुठं बघायचं

नुसता मराठी अर्थ दाखवणारं अॅप इथं फारसं कामाचं नाही, अर्थ तर आपल्याला माहीतच असतो. लर्नर्स डिक्शनरी लागते, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी केलेली. केंब्रिजची ऑनलाइन फुकट आहे, ऑक्सफर्ड लर्नर्स आणि लाँगमनपण आहेत. केंब्रिजमधे शब्दाजवळ चौकटी कंसात U किंवा C असं अक्षर दिसतं, U म्हणजे अनकाउंटेबल, C म्हणजे काउंटेबल. ऑक्सफर्ड लर्नर्सच्या वेबसाइटवर अख्खा uncountable असा शब्दच लिहिलेला असतो.

एक गोष्ट बघायची विसरू नका. हे अक्षर शब्दाला नसतं, अर्थाला असतं. एकाच शब्दाचे चार अर्थ दिले असतील तर पहिल्यापुढं U आणि तिसऱ्यापुढं C असं असू शकतं, म्हणून आपल्याला हवा तो अर्थ गाठून त्याच्यापुढचं अक्षर वाचायचं. घाईत वरचं पहिलं अक्षर बघून निघून जाणारेच मग 'पेपर' आणि 'वर्क' मधे अडकतात. त्यावर पुढं येतोच.

आणि लाल रेघ येईल यावर विसंबून राहू नका. 'अॅडव्हाइसेस'ला स्पेलचेक कधी रेघ मारतं कधी नाही, कारण तो शब्द वेगळ्या अर्थानं अस्तित्वात आहे. बँकेत 'पेमेंट अॅडव्हाइस' किंवा 'क्रेडिट अॅडव्हाइस' नावाचा कागद असतो, तो मोजता येतो, म्हणून 'थ्री पेमेंट अॅडव्हाइसेस' हे अकाउंट्सवाल्यानं लिहिलं तर बरोबर. सल्ला या अर्थानं लिहिलं तर चूक. मशीनला ते कळेलच असं नाही.

तिसरं काम : एस काढा, मग डावीकडं बघा, मग उजवीकडं

आता एक मेल घेऊ. समजा उद्यमनगरात एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, हॉटेलच्या किचनची स्टीलची कामं करतं, टेबल-खुर्च्यापण करतं. बाहेरगावच्या एका हॉटेलला माल पाठवलाय आणि ऑफिसमधल्या पोरानं असा मेल टाइप केलाय :

'थँक यू फॉर द इन्फॉर्मेशन्स. वी हॅव डिस्पॅच्ड ऑल द फर्निचर्स अँड मेनी किचन इक्विपमेंट्स. दीज इक्विपमेंट्स आर हेवी, सो प्लीज अनलोड देम केअरफुली. ईच फर्निचर हॅज अ नंबर. प्लीज गिव्ह अस अॅन अॅडव्हाइस अबाउट द इन्स्टॉलेशन डेट.'

कुणीतरी त्याला सांगतं, अरे एस लागत नाही. तो चार ठिकाणचा एस खोडतो. आता वाचा :

'थँक यू फॉर द इन्फॉर्मेशन. वी हॅव डिस्पॅच्ड ऑल द फर्निचर अँड मेनी किचन इक्विपमेंट. दीज इक्विपमेंट आर हेवी, सो प्लीज अनलोड देम केअरफुली. ईच फर्निचर हॅज अ नंबर. प्लीज गिव्ह अस अॅन अॅडव्हाइस अबाउट द इन्स्टॉलेशन डेट.'

पहिलं वाक्य सुटलं, 'ऑल द फर्निचर'पण सुटलं. बाकी सहा चुका अजून आहेतच : 'मेनी', 'दीज', 'आर', 'देम', 'ईच', 'अॅन'. उलट आता वाक्य जास्त विचित्र झालंय, कारण आधी निदान 'दीज' आणि 'इक्विपमेंट्स' एकमेकाला धरून तरी होते.

डावीकडून सुरू करू. शब्दाच्या डाव्या बाजूला जे शब्द मोजणी करतात ते चालत नाहीत. 'अ', 'अॅन', 'मेनी', 'फ्यू', 'सेव्हरल', 'दीज', 'दोज', 'ईच', 'एव्हरी', 'अनदर', 'बोथ', आणि सरळ आकडे. यातला सगळ्यात लपून बसणारा म्हणजे 'अ' आणि 'अॅन'. एसवर लक्ष असणारी माणसं पण 'ही गेव्ह मी अ गुड अॅडव्हाइस' असं सर्रास लिहितात, कारण एस नाहीये ना, मग काय चुकलं? पण 'अ' म्हणजे एक, आणि जे मोजता येत नाही त्याला एकपण म्हणता येत नाही. आपल्या 'एक सल्ला देऊ का' मधला 'एक' इथं थेट उतरतो. 'ही गेव्ह मी सम गुड अॅडव्हाइस' किंवा नुसतं 'ही गेव्ह मी गुड अॅडव्हाइस'. 'अनदर इन्फॉर्मेशन'चंही तेच, ते 'मोअर इन्फॉर्मेशन' करायचं.

मग वापरायचं काय? 'मेनी'च्या जागी 'मच', 'फ्यू'च्या जागी 'लिटल', 'दीज'च्या जागी 'धिस' असं शाळेत शिकवतात ते बरोबर आहे, पण 'मच' जरा जपून. प्रश्नात आणि नकारात ते छान बसतं, 'वी डोंट हॅव मच इन्फॉर्मेशन', पण साध्या होकारी वाक्यात 'वी हॅव मच इन्फॉर्मेशन' फार पुस्तकी वाटतं, तिथं 'अ लॉट ऑफ' लिहा. माझा सल्ला, सुरुवातीला 'सम', 'एनी', 'ऑल द', 'अ लॉट ऑफ', 'मोअर', 'इनफ', 'नो' एवढ्यांवरच रहा. हे शब्द मोजता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला दोघांनाही चालतात, म्हणजे शब्द कुठल्या ढिगातला हे आठवलं नाही तरी डावी बाजू चुकत नाही.

उजवीकडं दोन गोष्टी बघायच्या. एक क्रियापद : 'आर', 'वेअर', 'हॅव' असेल तर 'इज', 'वॉज', 'हॅज' करा. दोन, पुढं कुठंतरी लांबवर त्या शब्दासाठी 'दे' किंवा 'देम' आलंय का. हे कधीकधी पुढच्या वाक्यात असतं म्हणून सुटतं. 'इक्विपमेंट' लिहिलं, फुलस्टॉप दिला, आणि पुढचं वाक्य 'दे आर इन गुड कंडिशन' असं सुरू झालं. डोळ्यासमोर चार मशिनी दिसत असतात म्हणून 'दे' येतं. ते 'इट इज' पाहिजे.

एवढं केल्यावर आपला मेल असा होतो :

'थँक यू फॉर द इन्फॉर्मेशन. वी हॅव डिस्पॅच्ड ऑल द फर्निचर अँड अ लॉट ऑफ किचन इक्विपमेंट. धिस इक्विपमेंट इज हेवी, सो प्लीज अनलोड इट केअरफुली. ईच पीस ऑफ फर्निचर हॅज अ नंबर. प्लीज लेट अस नो द इन्स्टॉलेशन डेट.'

शेवटच्या वाक्यात मी 'अॅडव्हाइस' उडवूनच टाकलं. त्याला सल्ला नको होता, तारीख पाहिजे होती. 'प्लीज अॅडव्हाइज' असं बिझनेस मेलमधे लिहितात खरं, पण तो वेगळा शब्द आहे, क्रियापद, स्पेलिंगमधे सी नाही एस येतो आणि उच्चार शेवटी 'ज'कडं झुकतो. म्हणून 'ही अॅडव्हाइजेस अस' यातला एस बरोबर आहे, तो अनेकवचनाचा नाहीच मुळी, तो 'ही गोज'वाला आहे. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की मग नामालापण एस चिकटतो.

चौथं काम : खरंच मोजायचं असेल तर

वरच्या मेलमधे ग्रामर सुधारलं पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं 'अ लॉट ऑफ किचन इक्विपमेंट' म्हणजे काय? नग किती? ट्रकमधनं काय उतरवून घ्यायचं त्याला कळायला पाहिजे. अनकाउंटेबल शब्द आकडा लपवतो, ही त्याची खोडच आहे. अशा वेळी दोन वाटा असतात.

पहिली वाट 'पीस ऑफ'ची. 'टू पीसेस ऑफ फर्निचर', 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस', 'थ्री पीसेस ऑफ लगेज', 'अ पीस ऑफ ज्वेलरी', 'एव्हिडन्स'ला पण चालतं. इथं एस 'पीस'ला लागतो, आणि क्रियापदपण 'पीस'च्या मागं जातं : 'टू पीसेस ऑफ फर्निचर वेअर डॅमेज्ड'. म्हणजे इथं 'वेअर' बरोबर. 'पीसेस ऑफ फर्निचर्स' असं दोन्हीकडं एस लावणारे भेटतात, ते करू नका.

दुसरी वाट मला जास्त पटते. शब्दच बदला, मोजता येणारा घ्या. फर्निचर नको, 'सिक्स टेबल्स अँड ट्वेंटी-फोर चेअर्स' लिहा. इक्विपमेंट नको, 'फोर गॅस रेंजेस अँड टू वर्क टेबल्स'. 'मशिनरीज' लिहायची इच्छा झाली की 'मशीन्स' लिहा, विषय संपला. 'अॅडव्हाइसेस'ऐवजी 'सजेशन्स', 'इन्फॉर्मेशन्स'ऐवजी 'डिटेल्स', 'फीडबॅक्स'ऐवजी 'कमेंट्स', 'सॉफ्टवेअर्स'ऐवजी 'प्रोग्रॅम्स'. 'पीस ऑफ' एका पानात पाच वेळा आलं की ते मुद्दाम जुळवल्यासारखं दिसतं, शब्द बदलला की वाक्यपण छोटं होतं आणि माहितीपण नेमकी जाते. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधे तर दुसरीच वाट घ्या.

अजून एक सुटका आहे जी फार कुणी सांगत नाही. हाच शब्द दुसऱ्या नामाच्या आधी विशेषणासारखा बसला की मोजणी त्या दुसऱ्या नामाची होते. 'थ्री फर्निचर शॉप्स', 'टू इक्विपमेंट सप्लायर्स', 'मेनी सॉफ्टवेअर कंपनीज', हे सगळं बरोबर. एस 'शॉप'ला आहे, 'मेनी' कंपन्यांसाठी आहे. त्यामुळं 'मेनी' आणि 'सॉफ्टवेअर' शेजारी दिसले म्हणून लगेच खोडू नका, पुढचा शब्द वाचा.

पाचवं : एस असूनही बरोबर, आणि एस असूनही एकवचन

'न्यूज' बघा. शेवटी एस आहे पण शब्द एकवचनी, 'द न्यूज इज गुड'. आपल्या डोक्यात 'बातम्या लागल्यात' असतं म्हणून 'द न्यूज आर' येतं. आणि 'अ न्यूज'पण नाही, 'अ पीस ऑफ न्यूज' किंवा 'सम न्यूज'.

'वर्क'चं उलटं. 'मला गावात दोन कामं आहेत' याचं 'आय हॅव टू वर्क्स इन टाउन' होत नाही, 'आय हॅव टू थिंग्ज टू डू' होतं, नाहीतर 'सम वर्क'. मग एखादा विचारतो, अहो उद्यमनगरात दर दुसऱ्या बोर्डवर 'इंजिनिअरिंग वर्क्स' लिहिलंय, ते सगळे चुकलेत का? नाही. 'वर्क्स' म्हणजे कारखाना हा वेगळा अर्थ आहे आणि तिथं एस लागतोच, 'पब्लिक वर्क्स' मधला पण बरोबर आहे, तिथं बांधकामं असा अर्थ आहे. डिक्शनरीत अर्थापुढचं अक्षर बघा म्हटलं ते याचसाठी. 'पेपर'पण तसाच : लिहायचा कागद मोजायचा नाही, 'सम पेपर' किंवा 'टू शीट्स ऑफ पेपर', पण परीक्षेचा पेपर आणि वर्तमानपत्र मोजायचं, 'टू पेपर्स'. 'एक्स्पीरियन्स' म्हणजे कामाचा अनुभव असेल तर मोजायचा नाही, 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स', आणि आयुष्यात घडलेले प्रसंग असतील तर 'एक्स्पीरियन्सेस' चालतं. बायोडेटामधे पहिला अर्थ असतो, तिथं एस नको.

'इक्विपमेंट्स' मात्र तुम्हाला बोर्डवर, टेंडर नोटिशीत, कंपनीच्या नावातसुद्धा दिसेल. भारतात तो इतका रुळलाय की वाचणारा अडखळतपण नाही, आणि इथल्या इथं चिठ्ठीत कुणी लिहिलं तर मी काही टोकायला जात नाही. कंपनीचं नाव असेल तर जसं आहे तसंच लिहा, नाव दुरुस्त करायचं नसतं. पण स्टाफ सिलेक्शनच्या किंवा बँकेच्या परीक्षेत चूक शोधा असा प्रश्न आला, आयईएल्ट्सचं रायटिंग असलं, किंवा मेल परदेशातल्या गिऱ्हाइकाला जाणार असला तर बोर्डवर बघितलेलं विसरा. परीक्षेत तर हे प्रश्न घालणारा माणूस एस दाखवतच नाही बऱ्याचदा, तो 'द फर्निचर इन द रूम वेअर ओल्ड' असं देतो. 'फर्निचर'कडं बघून तुम्ही म्हणता एस नाही, ठीक आहे, आणि 'नो एरर'वर टिक करून पुढं जाता. चूक 'वेअर' मधे असते.